गार्डचा वेगळा दर: नाशिकच्या प्रेस मशीन उत्पादकांना आणि विक्रेत्यांना खुले पत्र

पॉवर प्रेस बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि जुन्या प्रेस 'रिकंडिशन' करून देणाऱ्या नाशिकमधल्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

अपघात झालेल्या मशीन तपासून अहवाल देणं हे माझं काम आहे. कधी विमा कंपनी बोलावते, कधी कारखान्याचा मालक, कधी कामगाराचा वकील. त्यामुळे तुमची कोटेशन्स माझ्या टेबलावर बरीच येतात, आणि त्यातल्या दोन ओळी मला आता पाठ झाल्या आहेत. पहिली किमतीच्या तक्त्यात तळाशी असते: 'सेफ्टी गार्ड / लाइट कर्टन – ऐच्छिक, दर वेगळा.' दुसरी अटींमध्ये असते: 'मशीनच्या सुरक्षेची जबाबदारी सर्वस्वी खरेदीदाराची राहील.' या दोन ओळी लिहिल्या की आपण मोकळे झालो, असा तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा समज आहे. तो समज किती महागात पडू शकतो, हे सांगण्यासाठी हे पत्र.

एक प्रकरण मांडतो. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून नावं देत नाही. २०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. अंबड औद्योगिक वसाहतीतलं छोटं प्रेस शॉप, गाडीच्या सीटखाली लागणारे ब्रॅकेट बनवणारं. चाळीस टनी, सी फ्रेम, पिन क्लचची जुनी प्रेस. नाशिकच्याच एका विक्रेत्याकडून दोन लाख ऐंशी हजारांना घेतलेली, नवा निळा रंग मारलेली, आणि पुढे पिवळ्या खांबांचा चकचकीत लाइट कर्टन, म्हणजे मधे हात आला की मशीन थांबवायचा किरणांचा पडदा, बसवलेली. कर्टन का? तर पुढच्या कंपनीच्या ऑडिटला माणसं येतात, आणि कर्टन दिसला की त्यांच्या कागदावर टिक होते. विक्रेत्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, 'एकदम सेफ, ऑडिट पास होणार.'

चोवीस वर्षांचा मुलगा त्या प्रेसवर होता. पेडल दाबलं, पीस झाला, रॅम वर गेला, त्यानं पीस काढायला हात घातला आणि रॅम पुन्हा खाली आला. पेडलवर पाय नव्हता. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. शॉपमध्ये याला 'प्रेसनं रिपीट मारला' म्हणतात, आणि इतक्या सहज म्हणतात की जणू पाऊस पडला.

मी गेलो तेव्हा मशीन, नशिबानं, तशीच होती. पहिली गोष्ट केली ती ही: डायमधून पीस काढून घेतला, पेडल दाबायला लावलं आणि रॅम खाली निघाल्यावर लाकडी पट्टी कर्टनच्या मधे धरली. कर्टनचा लाल दिवा लागला. रॅम मात्र तसाच खाली उतरला, तळाला टेकला आणि शांतपणे वर गेला. मालक माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं कर्टन बिघडलाय. कर्टन अगदी व्यवस्थित होता.

हे तुम्हाला माहीत आहे. पण हे पत्र मालक आणि कामगारही वाचतील, म्हणून उलगडून सांगतो. पिन क्लचच्या प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की कॅम बाजूला होतो, स्प्रिंगच्या जोरानं पिन फ्लायव्हीलच्या खाचेत शिरते आणि क्रँकशाफ्ट त्याला जोडला जातो. एकदा पिन शिरली की शाफ्टची पूर्ण फेरी होणारच. रॅम खाली जाणार, वर येणार, आणि वरच्या टोकाला कॅमनं पिन मागे ओढली तरच तो थांबणार. मधे थांबवायची सोयच नाही. कर्टन काय करतो? पेडलच्या सोलेनॉइडची वीज तोडतो. पण तोवर पिन आत गेलेली असते, वीज तोडून तिला काय फरक पडणार! ही प्रेस मिनिटाला पंचावन्न फेऱ्या मारत होती, म्हणजे वरून खाली यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात माणूस हात काढू शकत नाही आणि मशीन थांबू शकत नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत (ओशा) पूर्ण फेरीच्या क्लचवर असा प्रकाशपडदा वापरायला सरळ मनाई आहे, ती याच कारणासाठी.

रिपीटचं कारण वेगळं निघालं. क्लच उघडल्यावर पिनची कडा गोल झालेली दिसली, आणि पिनला मागे ओढणारा कॅम इतका झिजला होता की वरच्या टोकाला तिला पूर्ण बाहेर काढत नव्हता. ब्रेक बँडचं अस्तर तेलानं चिंब झालं होतं, म्हणजे वरच्या टोकाला शाफ्टला धरून ठेवायलाही काही नव्हतं. पिन अर्धवट बाहेर, शाफ्ट थोडा पुढे सरकला की पुन्हा खाचेत. दुसऱ्यांदा पेडल दाबायची गरजच उरली नाही. वरून नवा निळा रंग होता, आतली पिन मात्र मूळ मशीन बनली त्या काळातली असावी.

आता कायद्याकडे येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मधलं सहावं प्रकरण, कलम ८२ ते ८७, उत्पादनाच्या दोषामुळे झालेल्या इजेच्या दायित्वाबद्दल आहे. कायद्यात उत्पादक आणि विक्रेता यांना वेगवेगळी कलमं आहेत आणि विक्रेत्याची जबाबदारी उत्पादकापेक्षा कमी आहे. म्हणून जुन्या मशीनचा व्यवहार करणारी मंडळी छातीठोकपणे म्हणतात, 'आम्ही फक्त विकतो.'

व्याख्या नीट वाचा. कलम २(३६) नुसार 'उत्पादन निर्माता' म्हणजे फक्त मूळ मशीन बनवणारा नव्हे. विक्रीआधी जो ते मशीन पुन्हा घडवतो, जो भाग जोडून ते उभं करतो, जो दुसऱ्यानं बनवलेल्या मालावर स्वतःचं चिन्ह लावतो, तोही निर्माताच. जुनी प्रेस उचलली, खोलली, बेअरिंग बदलली, सोलेनॉइड पेडल घातलं, कर्टन बसवला, रंग मारला, आपला स्टिकर लावला: यानंतर तुम्ही कोणत्या तोंडानं म्हणणार की आम्ही नुसते विक्रेते? माझ्या मते या प्रकरणातला विक्रेता कायद्याच्या नजरेत उत्पादक ठरू शकतो, आणि तसं ठरलं तर त्याला कलम ८४ लागू होतं. त्यात बनावटीतला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या मापांपासून ढळणं, दिलेल्या हमीप्रमाणे माल नसणं, वापराच्या आणि धोक्याच्या सूचना अपुऱ्या असणं, यांपैकी काहीही पुरेसं आहे. मधे थांबूच न शकणाऱ्या प्रेसवर 'थांबवणारा' पडदा लावणं हा रचनेतला दोष नाही तर काय?

समजा तो उत्पादक ठरला नाही, विक्रेताच राहिला. तरी कलम ८६ मध्ये विक्रेता ज्या परिस्थितीत जबाबदार ठरतो त्यातल्या एकीतून सुटावं तर तो दुसरीत सापडतो. त्यानं मशीनमध्ये बदल केला आणि तो बदल इजेचं मोठं कारण ठरला, ही एक. उत्पादकापेक्षा वेगळी, स्वतःची हमी दिली, ही दुसरी. आणि 'एकदम सेफ' हे दोन शब्द फोनमध्ये तारखेसकट जपलेले आहेत. मशीन जोडताना, तपासताना, राखताना वाजवी काळजी घेतली नाही, ही तिसरी. आणि चौथी, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे: मूळ उत्पादक कोण हे कळत नाही, किंवा कळलं तरी त्याच्यापर्यंत नोटीस पोचवता येत नाही, तर विक्रेता जबाबदार.

जुन्या प्रेसवरची नेमप्लेट खरवडून टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. कधी मशीनचं वय लपवायला, कधी लुधियाना-राजकोटची साधी बनावट दुसऱ्या नावानं खपवायला. पुष्कळांना वाटतं, नाव पुसलं की धागा तुटला. कायद्यात उलटं आहे. नेमप्लेट असती तर तुम्ही बोट दाखवू शकला असता; ती काढली म्हणून सगळा भार तुमच्या दुकानावर आला. या प्रेसच्या फ्रेमवर चार रिव्हेटची भोकं होती, त्यांवरही निळा रंग मारलेला. माझ्या अहवालात त्या भोकांचा फोटो पहिल्या पानावर आहे.

विक्रेत्याच्या वकिलानं दोन बचाव मांडले. पहिला असा की बिलावर 'जशी आहे तशी' लिहिलं आहे. पण ते बिल मालकाशी झालेल्या व्यवहाराचं. ज्याची बोटं गेली त्यानं त्या कागदावर सही केलेली नाही, त्या अटीनं तो बांधला कसा जाणार? दुसरा बचाव कलम ८७ चा: इजा झाली तेव्हा मशीनचा गैरवापर झाला असेल किंवा त्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. 'ऑपरेटरनं आत हात घातला, हा गैरवापर.' मंडळी, पीस हातानं काढायची प्रेस विकायची आणि पीस काढायला हात घातला की त्याला गैरवापर म्हणायचं, हे ग्राहक आयोगासमोर कसं टिकेल मला कळत नाही. फेरफाराचं म्हणाल तर तो विकण्याआधी खुद्द विक्रेत्यानंच केलेला. शिवाय हे संरक्षण विक्रेत्याचं आहे. उत्पादक ठरलात तर तेही हातात राहत नाही.

नवीन प्रेस बनवणाऱ्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. तुमची आवडती ढाल म्हणजे कलम ८७(२) मधला एक तुकडा: मशीन मालकानं कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी घेतलं असेल आणि उत्पादकानं धोक्याच्या सूचना मालकाला दिल्या असतील, तर उत्पादक जबाबदार नाही. एका कंपनीच्या सेल्स मॅनेजरनं मला ते कलम मोबाइलवर वाचून दाखवलं. त्याला मी एवढंच म्हणालो की वाक्य सुरुवातीपासून वाचा. ते फक्त 'सूचना दिल्या नाहीत' या आरोपापुरतं आहे. रचनाच सदोष असेल तर मॅन्युअल सोन्याच्या अक्षरांत छापलं तरी ते कलम कामाला येत नाही. आणि तुमच्या कोटेशनमध्ये गार्डला वेगळा दर आहे, याचा अर्थ सरळ आहे: गार्ड लागतो हे तुम्हाला माहीत होतं, तो बनवता येतो हे माहीत होतं, किती रुपयांत बनतो हेही माहीत होतं, आणि तो न लावता मशीन दिली. विरुद्ध बाजूच्या वकिलाला याहून सोयीचा कागद मिळणार नाही.

त्याच कलमात आणखी एक आधार शोधला जातो, की उघड दिसणाऱ्या धोक्याची सूचना द्यायची गरज नसते. प्रेसखाली हात चिरडतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, मान्य. पण पेडलला पाय न लावता प्रेस पुन्हा पडेल, हे उघड आहे? पुढचा लाल दिवा लागूनही रॅम थांबणार नाही, हे उघड आहे? उलट कर्टन बसवून तुम्ही त्याला हात घालायला धीर दिलात.

इथे मालकांचा प्रश्न येतो, कारण सगळे खापर शेवटी त्यांच्यावर फुटतं असं त्यांना वाटतं. या मुलाचा ईएसआय भरलेला होता. त्याचा पगार दिवसाला सहाशे धरू. जखम भरेपर्यंत त्याच्या नव्वद टक्के, म्हणजे पाचशे चाळीस रुपये रोज. त्यानंतर कायमच्या अपंगत्वाचा लाभ. एका हाताची दोन बोटं गेल्याची कमाईतली घट कायद्याच्या परिशिष्टात वीस टक्के धरली आहे, म्हणजे पाचशे चाळीसच्या वीस टक्के: एकशे आठ रुपये रोज, महिन्याला तीन हजार दोनशे चाळीस. वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं, तेव्हा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. उजव्या हाताची दोन बोटं नसलेल्या मुलाला पुढे टूलरूममध्ये कोण घेणार, हे त्या टक्क्यांत मावत नाही.

आणि इथेच एक मोठा गैरसमज आहे. ईएसआय मिळालं की दुसरीकडून काही मागता येत नाही, असं कामगारालाही सांगितलं जातं. कर्मचारी राज्य विमा अधिनियमाच्या कलम ५३ नं अडवलं होतं ते मालकाकडून आणि मालकाच्या नोकरांकडून भरपाई मागण्याला. सदोष मशीन विकणारा यांपैकी कोणीच नाही. त्याच्याकडे जाण्याचा रस्ता मोकळाच होता. जिथे ईएसआय नाही आणि मालकानं कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली पैसे भरले, तिथे त्या कायद्याचं कलम १३ मालकालाच अधिकार देत होतं की खरा दोषी तिसराच असेल तर दिलेली भरपाई त्याच्याकडून वसूल करावी. अंबड-सातपूरमधल्या किती मालकांनी हे वापरलं? मला तरी एकही भेटलेला नाही. हे दोन्ही कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत, पण या मुलाचा अपघात झाला तेव्हा तेच लागू होते.

कामगारांच्या बाजूनं एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ग्राहक आयोगात जायला 'ग्राहक' असावं लागतं, आणि व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहक नसतो. खरेदीदाराच्या संमतीनं वापरणाऱ्याला कायदा ग्राहक मानतो. पण मालकानं प्रेस धंद्यासाठीच घेतलेली असते, तेव्हा तिच्यावर काम करणारा कामगार ग्राहक ठरतो का, यावर विरुद्ध वकील पहिल्याच तारखेला हरकत घेणार. माझं मत असं की कामाच्या ठिकाणच्या मशीनबद्दल कलम ८७ मध्ये खास अपवाद लिहावा लागला, म्हणजे अशा इजा कायद्याच्या सहाव्या प्रकरणात येतात हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलंच होतं. पण मी इंजिनिअर आहे, न्यायाधीश नाही. म्हणून त्या मुलाच्या वकिलानं दिवाणी दाव्याचा मार्गही हाताशी ठेवला आहे. ग्राहक कायद्यातला उपाय इतर उपायांच्या जोडीला असतो.

छोट्या मालकाचं मात्र स्पष्ट आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एक प्रेस घेऊन एखाद्या मदतनिसाबरोबर स्वतः ती चालवणारा माणूस ग्राहकच राहतो; लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं, आणि तेही मशीनच्याच खरेदीचं प्रकरण होतं. सिन्नर-मुसळगावला पत्र्याच्या शेडमध्ये बापलेक मिळून प्रेस चालवतात, त्यांची बोटं गेली तर तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात होईल. मशीन राजकोटहून आलेली असली तरी चालेल, कारण तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर चालवणारा शेतकरीही तसाच. ट्रॅक्टरची शक्ती ब्लोअरला देणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे मारतो, त्यावरचं प्लास्टिकचं आवरण 'पुढच्या गाडीनं येईल' म्हणून शोरूममधून ब्लोअर सोडलेला मी पाहिला आहे. ती गाडी कधी येत नाही.

फौजदारी बाजूही कोरी नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २६ नुसार उघडे गिअर आणि बाहेर आलेले बोल्ट असलेली यांत्रिक शक्तीवरची मशीन कारखान्यासाठी विकणं, भाड्यानं देणं किंवा दलाल म्हणून विकायला लावणं हा गुन्हा होता: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशे रुपयांची कोणाला भीती वाटणार! १९८७ मध्ये कलम ७ब घालून रचनाकार, उत्पादक, आयातदार आणि पुरवठादार यांच्यावर सुरक्षित मशीन देण्याचं आणि ती तपासून पाहण्याचं कर्तव्य टाकलं. आता व्यावसायिक सुरक्षा संहिता आली आहे आणि तिच्यातही हे कर्तव्य कायम आहे. तेव्हा 'कायदा कारखानदारासाठी आहे, आमच्यासाठी नाही' हे वाक्य तुम्ही गेली कित्येक वर्षं चुकीचंच बोलत आलात.

मग करायचं काय? पिन क्लचच्या प्रेसवर कर्टन बसवणं आजपासून बंद करा. त्या प्रेसला शोभतो तो बंद डायचा स्थिर गार्ड, ज्यातून पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही. डायला अगदी लागून असलेली फट सहा मिलिमीटरहून मोठी नको. काम हातानं पीस ठेवायचं असेल तर इंटरलॉकचा सरकता गार्ड घाला, जो बंद झाल्याशिवाय पिन सुटत नाही आणि फेरी पूर्ण झाल्याशिवाय उघडत नाही. दुहेरी फटका रोखणारी यंत्रणा घाला. यातलं काहीही नासाचं तंत्रज्ञान नाही, सातपूरमधलं कोणतंही बरं फॅब्रिकेशन शॉप हे करून देईल.

कर्टन विकायचाच असेल तर फेरीच्या मधेही थांबू शकणाऱ्या हवेच्या फ्रिक्शन क्लचवर विका आणि अंतर मोजून बसवा. माणसाचा हात सेकंदाला दोन मीटर या वेगानं आत जातो असं धरतात. कर्टनचे किरण अडल्यापासून रॅम प्रत्यक्ष थांबेपर्यंतचा वेळ पाव सेकंद भरला, तर तेवढ्यात हात अर्धा मीटर आत पोचतो. म्हणजे बोट ओळखणारा चांगला कर्टनही डायपासून निदान पाचशे मिलिमीटर लांब हवा. मी पाहतो तिथे तो दोनशे-अडीचशेवर असतो, कारण ऑपरेटरला वाकायला त्रास होतो आणि फ्रेमला तिथेच भोकं तयार असतात. मालकांनी साधी टेप लावून पाहावी आणि विक्रेत्याकडे थांबण्याच्या वेळेचं मोजमाप कागदावर मागावं. ब्रेक झिजला की हा वेळ वाढतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही. कागद देता येत नसेल तर कर्टन शोभेचा आहे असं समजायला हरकत नाही.

मालकांसाठी आणि कामगारांसाठी एक अगदी साधी गोष्ट. अपघातानंतर संध्याकाळच्या पाळीला मशीन पुन्हा चालू होते. मेकॅनिक येतो, नवी पिन टाकतो, जुनी भंगारात जाते, आणि तिच्याबरोबर दाव्यातला सगळ्यात मोठा साक्षीदार जातो. पिन, कॅम, स्प्रिंग, ब्रेकचं अस्तर पिशवीत घालून, तारीख लिहून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवा आणि निरीक्षक येईपर्यंत मशीनला हात लावू देऊ नका. याआधी रिपीट मारल्याची तक्रार कोणी मेंटेनन्सच्या वहीत लिहिली असेल तर त्या पानाचा फोटो काढा. ते पान मालकाच्या विरुद्ध जाईल, हे मालकांना आवडणार नाही. पण तोच रिपीट विक्रेत्याला फोनवर सांगितला असेल तर ते पान मालकाच्या उपयोगाचंही आहे.

शेवटची विनंती त्या विक्रेत्याला, आणि त्याच्यासारखा माल फिरवणाऱ्या प्रत्येकाला. या प्रेससोबत बंद पडलेल्या एका कारखान्यातून तशाच आणखी प्रेस उचलल्या होत्या, हे बिलांवरून मला दिसलं आहे. त्याच बनावटीच्या, त्याच क्लचच्या, त्याच निळ्या रंगाच्या. त्या आज कोणाच्या शेडमध्ये चालू आहेत हे मला माहीत नाही, तुमच्या बिलबुकात मात्र गिऱ्हाइकाच्या नावापत्त्यासह लिहिलेलं आहे. त्यांना फोन करा, मशीन थांबवायला सांगा, क्लच उघडून पाहा, आणि फोन केल्याची लेखी नोंद ठेवा. पिन आणि कॅम बदलण्याचा खर्च कोणी करायचा यावर नंतर भांडता येईल.

आपला,
एक चार्टर्ड इंजिनिअर, नाशिक